तपेल्यावरचं नाव

खात्यातून पैसे कापले गेले नाहीत म्हणून भांडायला निघालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दत्तोपंत आचारी.

बाकी सगळी दुनिया कापले गेले म्हणून रडते. तुकोगंजातल्या ज्या दवाखान्यात मी बिलाच्या काउंटरवर बसते, तिथे रोज कोणीतरी मोबाइल माझ्या नाकासमोर नाचवतंच. "मॅडम, मेरे तो कट गए, आपको नहीं आए क्या?" ऐकून ऐकून कान किटले माझे. पण त्या संध्याकाळी मी दमून घरी आले, जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि खालच्या खोलीतून दत्तोपंतकाकांचा आवाज आला, "शैला! इकडे ये आधी. माझे पैसे गेलेच नाहीत!"

"मग पेढे वाटा की, काका," मी म्हटलं. डोकं आधीच फिरलेलं होतं माझं.

"थट्टा नको. त्या बिचाऱ्या दुकानदाराचं तपेलं मी फुकट उचलून आणलंय. चोर म्हणेल तो मला."

मल्हारगंजात आमचं घर आहे. वर आम्ही, खाली दत्तोपंत आणि प्रमोदिनीकाकू. मला कळायला लागल्यापासून हे असंच आहे. इंदूरच्या मराठी घरांतली मुंज असो, बारसं असो, गणपतीतलं सहस्रावर्तन असो, स्वयंपाकाला दत्तोपंतच. त्यांच्या हातची कढी ज्याने खाल्ली नाही असा मराठी माणूस आमच्या भागात तरी सापडायचा नाही. नाकावर राग. मुलीच्या बापाने "मीठ जरा..." एवढं म्हटलं की झारा खाली ठेवून "या, तुम्हीच ढवळा" म्हणणार. तरी लोक त्यांनाच बोलावतात, कारण एक तर हाताला चव आहे, आणि दुसरं म्हणजे त्यांच्या पंगतीतून कोणाचं भांडं कधी हरवत नाही.

हे दुसरं जरा समजावून सांगायला हवं. मोठं कार्य असलं की चार घरांतून भांडी गोळा होतात. परात जोशांची, कढई स्नेहलतागंजातल्या आत्याची, झारे अजून कोणाचे. रात्री सगळी घासून एका जागी पालथी घातली की दत्तोपंत चष्मा लावून बसायचे आणि एकेक भांडं उचलून त्यावरचं नाव वाचायचे. आपल्या लोकांत भांड्यावर नाव घालायची पद्धत आहेच. कोणी दिलं, कोणाच्या लग्नात दिलं, कधी कधी तारीखसुद्धा. काका ती नावं अशी वाचायचे की जणू ती माणसंच समोर बसलीयत. "ही कृष्णाबाईंची परात. गेल्या बिचाऱ्या. परात बघ, अजून ठणठणीत." आणि त्यांचा एक कायदा होता, तो ते लहानपणापासून आम्हाला ऐकवायचे: ज्याच्या कमाईचं भांडं, त्याचंच नाव त्यावर. दुसऱ्याच्या पैशाच्या भांड्यावर आपलं नाव घालणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरी. चोरीच काय, त्याहून वाईट.

त्यांची स्वतःची भांडी होती. मागच्या खोलीत एकावर एक रचलेली पितळी तपेली, दोन माणसांना उचलावी लागेल अशी कढई, परातींचा तर डोंगर. बरीचशी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. प्रत्येकावर ठोकून ठोकून कोरलेलं, "विष्णुपंत आचारी". दर दिवाळीच्या आधी कल्हईवाला यायचा आणि गल्लीभर नवसागराचा वास सुटायचा. आम्ही पोरं नाक दाबून तिथेच घोटाळायचो.

ती भांडी आता नाहीत. आणि त्यांच्यामुळे बाप-लेकाचं बोलणंही नाही.

झालं असं की काकांच्या पोटात आतडं फुटलं. ऑपरेशन झालं, पण विष अंगात पसरलं, आणि ते कितीतरी दिवस नळ्या लावून बेशुद्ध पडले होते. हॉस्पिटलवाले सकाळ-संध्याकाळ पैसे भरा म्हणायचे. प्रणव, त्यांचा एकुलता एक मुलगा, तेव्हा नुकता नोकरीला लागलेला. जिथे हात पसरता येतील तिथे पसरून झाले होते. मी स्वतः त्याच्याबरोबर हॉस्पिटलच्या बाकावर बसले आहे, त्याचा चेहरा मी पाहिला आहे. एका दुपारी तो उठला, घरी आला, हातगाडी बोलावली आणि सगळी भांडी मोडीत घातली. वजनावर.

काका वाचले. घरी आले, काठी टेकत टेकत मागच्या खोलीत गेले आणि परत येऊन पलंगावर बसले. प्रणवने सांगितलं काय केलं ते. काका एवढंच म्हणाले, "नावासकट वितळवलंस? माझ्या बापाचं नाव भट्टीत घातलंस?"

"तुम्ही वाचलात ना, बाबा."

"मला विचारलं होतंस?"

बेशुद्ध माणसाला कसं विचारणार होता तो? मी तेव्हाही हेच म्हटलं आणि काकांची बोलणी खाल्ली. पण खरं सांगते, मला दोघांचंही पटत होतं, आणि तेच अवघड होतं. प्रणवने काही महिन्यांत वडोदऱ्याला नोकरी बघितली आणि निघून गेला. तेव्हापासून तो काकूंशी फोनवर बोलतो, काका घरात नसताना. काकांना ते ठाऊक असतं आणि त्यांना ते ठाऊक आहे हे काकूंनाही ठाऊक असतं. पण घरात त्याचं नाव निघत नाही.

फक्त एक करतो तो. कॉलेजात असताना त्याचं आणि काकांचं एक जोडखातं काढलं होतं, दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकेल असं. पगार झाला की त्या खात्यात तो काही रक्कम टाकतो. "भांड्यांचे" म्हणतो. काकांच्या मोबाइलवर मेसेज येतो, काका तो न वाचता पुसून टाकतात. एक पैसाही कधी काढला नाही त्यातून. उलट आजारपणातून उठल्यावर पुन्हा ऑर्डरी घ्यायला लागले, टेंटहाउसची भाड्याची भांडी आणून रांधायला लागले, आणि प्रत्येक कार्यातून थोडं थोडं बाजूला टाकत गेले. एकदा मला म्हणाले होते, "एक तपेलं. माझ्या कमाईचं, माझ्या नावाचं. मग मेलो तरी चालेल."

"अच्छा? आणि तोवर माझ्या डोक्यावर बसणार?" मी म्हटलं होतं. हसले होते तेव्हा.

तर ते तपेलं त्यांनी त्या आठवड्यात घेतलं. बर्तन बाजारातून, भक्कम पितळी, पंचवीस पानांच्या वरणाचं. दुकानदाराने तिथल्या तिथे यंत्राने नाव घालून दिलं, "दत्तोपंत आचारी". घरी आणल्यावर काकूंनी त्याला हळदकुंकू लावलं. काका दिवसातून दहा वेळा त्यावरून हात फिरवत होते. आणि आता ते तपेलं खोलीच्या मधोमध ठेवून, हातात एटीएमची चिठ्ठी धरून ते माझ्यासमोर उभे होते.

"हे बघ. मोबाइलने नऊ हजार आठशे दिले मी त्याला. हिरवी खूण आली, टण्ण आवाज आला. आज एटीएममध्ये बाकी बघितली, तर पैसे जेवढे होते तेवढेच. आणि मोहनरावांनी नातवाच्या मुंजीचा बयाणा पाठवला म्हणतात, तोही नाही. आलेलं आलं नाही, गेलेलं गेलं नाही. बँक झोपलीय का?"

"दुकानदाराला विचारलंत?"

"तिथूनच येतोय. 'पंतजी, पैसा तो उसी दिन आ गया' म्हणतो. मला वाटतं भिडेखातर बोलतोय."

"काका, नऊ हजार आठशेची भीड कोणी धरत नाही. द्या मोबाइल इकडे."

हा मोबाइल नवा होता. जुना मोबाइल तांदूळ धुवायच्या बादलीत पडून गेला. सिमकार्ड तेवढं वाचलं. ते नव्यात घातलं आणि पैशांचं ॲप मीच लावून दिलं होतं. सकाळी, दवाखान्यात जायच्या घाईत. नंबर तोच, त्यामुळे ॲपने स्वतःहून एक मेसेज पाठवून नंबर तपासला, मग मी बँक निवडली, आणि त्या नंबरावरची खाती समोर आली. दोन. बँक एकच, शाखा एकच, चिन्ह एकच. फरक फक्त शेवटच्या चार आकड्यांत. मी विचारलं होतं, "काका, प्रायमरी कोणतं ठेवू? मतलब, पैसे येणार-जाणार ते नेहमी कोणत्या खात्यातून?"

"वरचं," काका म्हणाले होते. "माझं नेहमी वर असतं."

"नक्की?"

"अगं, इतकी वर्षं बघतोय ना मी!"

जुन्या मोबाइलवर असेल वर. नव्यावर क्रम बदलला असला तर? हे माझ्या डोक्यात आलं नाही, त्यांच्या तर येणारच नव्हतं. पिनचं म्हणावं तर खरं प्रत्येक खात्याचा पिन वेगळा असतो, चुकीच्या खात्याला दुसऱ्याचा पिन घातला तर गाडी तिथेच अडते. पण प्रणवनेच फार पूर्वी, सगळं बरं असताना, काकांच्या मोबाइलवर दोन्ही खाती जोडून दिली होती, आणि काका म्हणाले होते की माझ्या डोक्यात एकच आकडा राहील. म्हणून दोन्हीला एकच पिन. आणि मोबाइल बदलला तरी पिन तोच चालतो. अडायला जागाच राहिली नाही.

हे सगळं मला त्या क्षणी एकदम लक्षात आलं. खात्री करायला मी हिस्टरी उघडली. दुकानाचं नाव दिसलं, त्यावर बोट ठेवलं. कोणाला दिले, किती वाजता, व्यवहाराचा लांबलचक नंबर, आणि त्याखाली, पैसे कुठून गेले ती ओळ. बँकेचं नाव, मग फुल्या, मग चार आकडे.

"काका, तुमच्या खात्याचे शेवटचे आकडे काय?"

त्यांनी एटीएमची चिठ्ठी पुढे केली. ५७३१.

मोबाइलवर होतं २२०८.

"पैसे गेलेत काका," मी म्हटलं. "दुकानदार खरं बोलतोय. बयाणाही आलाय. फक्त तुमच्या खात्यातून गेले नाहीत आणि तुमच्या खात्यात आले नाहीत. प्रायमरी म्हणून ते दुसरं लागलंय. प्रणवचं."

मला वाटलं ओरडतील. तयारच होते मी, "तुम्हीच वरचं म्हणालात" हे वाक्य जिभेवर होतं. पण ते ओरडले नाहीत. हळूच खाली बसले, तपेल्याच्या शेजारी, जमिनीवर. चष्मा काढला. त्या नावावर अंगठा ठेवला, जणू झाकायचंय.

"म्हणजे हे त्याच्या पैशाचं आहे."

"हो."

"आणि वर माझं नाव घालून घेतलं मी."

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याचा चमचा आपल्या पिशवीत येऊ दिला नाही, त्याला हे कुठे लागलं असेल ते मला दिसत होतं. मला स्वतःचाच राग आला. एक क्षण थांबून ते चार आकडे वाचून दाखवले असते तर काय बस चुकणार होती?

"परत घे," ते म्हणाले. "दुकानदाराला सांग, उलट कर. माझ्या खात्यातून देतो त्याला."

"तसं उलट होत नाही काका. गेलेले पैसे गेले, त्याला मिळाले, विषय संपला. तुमच्या खात्यातून त्या खात्यात तेवढेच टाकता येतील. तुमच्या एका खात्यातून दुसऱ्यात."

"मग टाक. आत्ता. नऊ हजार आठशे, एक रुपया कमी नको."

मी रक्कम घातली. या वेळी डोळे फाडून बघितलं, पैसे जाणार ५७३१ मधून, पोचणार २२०८ मध्ये. पिनची पाटी आली. मोबाइल त्यांच्या हातात दिला. काकांनी चष्मा चढवला आणि बोट उचललं.

"थांबा हो."

प्रमोदिनीकाकू. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, किती वेळ कोण जाणे. ही बाई बोलत नाही. काकांच्या रागापुढे चाळीस वर्षं नुसती पोळ्या लाटत उभी राहिली आहे. पदराला हात पुसत त्या आत आल्या.

"दुपारी प्रणवचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. काकांसमोर त्यांच्या तोंडून त्याचं नाव मी कितीतरी दिवसांनी ऐकलं. "त्याने बँकेचं बघितलं. त्याला त्याच्या मोबाइलवर दिसतं ना ते खातं. त्यात बर्तन भांडारचं नाव आहे. रडत होता, अहो. म्हणत होता, आई, बाबांनी माझ्या पैशाने भांडं घेतलं. बाबांनी माफ केलं मला."

काकांचं बोट हवेतच राहिलं.

"तुम्ही आता परत टाकलेत," काकू म्हणाल्या, "की तेही त्याला दिसेल."

बाहेर गल्लीत कोणाची तरी स्कूटर हॉर्न वाजवत अडली होती. काकू मागे सरल्या नाहीत. मोबाइलच्या पाटीचा वेळ संपला आणि ती आपोआप बंद झाली.

मला वाटलं, संपलं. सुटलो. आता काका गप्प बसतील, पैसे राहू देतील, प्रणव समजायचं ते समजेल आणि दिवाळीला घरी येईल. मी असते तर हेच केलं असतं, अगदी बिनदिक्कत. म्हटलंही मी, "काका, राहू द्या ना. कोणाचं काय बिघडतंय?"

"खोटं आहे ते," काका म्हणाले.

"अहो पण..."

"शैला, मी माफ करून घेतलं नाही ते. मी चुकून घेतलं. तो तिकडे रडतोय, आणि इकडे मी त्याच्या पैशाच्या तपेल्यावर माझं नाव मिरवतोय. यात खरं काय आहे, सांग बघू?" मग मोबाइल माझ्या हातात देत म्हणाले, "फोन लाव त्याला."

काकूंनी डोळे मिटून घेतले. मी नंबर लावला, स्पीकर चालू केला. दुसऱ्याच घंटीला प्रणवने उचलला, वडिलांचा नंबर बघून त्याला "हॅलो" सुद्धा म्हणता येईना.

"प्रणव," काका म्हणाले. "ते तपेलं. ते तुझ्या खात्यातून गेले ते पैसे, ते चुकून गेले. मोबाइल बदलला, त्यात प्रायमरी खातं चुकीचं लागलं. मी माझ्या पैशाने घेत होतो. मला माहीतच नव्हतं. तुला खोटं वाटायला नको म्हणून सांगतो."

मग प्रणव म्हणाला, "बरं, बाबा." आणि थोड्या वेळाने, "मग परत टाका तेवढे. चालेल मला."

असा आवाज मी हॉस्पिटलच्या बाकावरही ऐकला नव्हता त्याचा. काकू भिंतीला टेकल्या. मला इतका संताप आला काकांचा, वाटलं मोबाइल हिसकावून घ्यावा. देवा रे, एवढं खरं कशाला लागतं माणसाला!

"नाही टाकत," काका म्हणाले.

"काय?"

"पैसे नाही टाकत परत. घरात आलेलं भांडं हळदकुंकू लावल्यावर परत करत नाहीत." ते खाकरले. "पण त्यावर माझं एकट्याचं नाव आहे. ते बरोबर नाही. पैसे तुझे आहेत. तू ये. तुझं नाव घालून घेऊ."

प्रणव रडत होता, ते इथे ऐकू येत होतं.

"आणि ऐक," काका एकदम नेहमीच्या खेकसणाऱ्या आवाजात म्हणाले, "त्या खात्यात माझा मुंजीचा बयाणा येऊन पडलाय. तो मी आता काढून घेतोय. तुला पैसे गेलेले दिसतील. उगाच काहीतरी समजून बसू नकोस."

मी हसले आणि रडलेही. लाज वाटली मला, पण काय करणार.

फोन ठेवल्यावर आम्ही बयाणा त्यांच्या खात्यात वळवला. मग काकांचं स्वतःचं खातं प्रायमरी केलं. "धंद्याचं येणं-जाणं धंद्याच्या खात्यातून," ते म्हणाले. दुसरं खातं काढून टाकू का विचारलं तर इतक्या जोरात "नाही!" म्हणाले की मी दचकले. मग मी त्यांना शिकवलं, पिन घालायच्या आधी वर खात्याचे चार आकडे असतात, ते बघायचे, पटले तरच पिन. त्यांनी ५७३१ चारदा मोठ्याने म्हटलं. काकू आतून म्हणाल्या, "आणि दुसरे दोन दोन शून्य आठ." मला माहीतच नव्हतं काकूंना ते पाठ आहेत.

प्रणव रविवारी सकाळच्या बसने आला. दारात बाप-लेकांचं काय झालं ते मी सांगत नाही, कारण काहीच झालं नाही. काका म्हणाले, "चहा घे." त्याने घेतला. मग तपेलं ई-रिक्षात घालून आम्ही तिघं बर्तन बाजारात गेलो. मी का गेले? मोबाइल चालवायला, असं काका म्हणाले.

दुकानदाराने तपेलं ओळखलं. "क्या हुआ पंतजी, कुछ खराबी?"

"नाव वाढवायचंय," काका म्हणाले. "माझ्या नावाशेजारी, प्रणव."

दुकानदाराने यंत्र लावलं. सुई पितळेला टेकणार तेवढ्यात प्रणव त्याला इंदुरी ढंगात म्हणाला, "एक मिनिट, भिया." आणि काकांकडे न बघता, खाली मान घालून, "बाबा, आधी आजोबांचं घालू या का? सगळ्यात वर. विष्णुपंत आचारी. जसं होतं तसं."

काकांनी तोंड फिरवलं. समोरच्या दुकानात टांगलेल्या कळश्या बघत उभे राहिले, पाठमोरे. खांदे हलत होते त्यांचे. आतडं फुटलं तेव्हाही हा माणूस रडला नव्हता. प्रणव पुढे झाला आणि पहिल्यांदा त्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि काकांनी तो झटकला नाही.

यंत्र घरघरत राहिलं. विष्णुपंत आचारी. त्याखाली दत्तोपंत आचारी. शेजारी प्रणव. बारीक पितळेचा चुरा खाली पडत होता.

"कितने हुए?" प्रणवने खिशात हात घातला.

"तू थांब," काका म्हणाले. त्यांनी नाक पुसलं, चष्मा नीट केला आणि मोबाइल काढला. दुकानदाराची पाटी स्कॅन केली, रक्कम घातली. मग थांबले. मी म्हटलं होतं तसे वरचे आकडे वाचले, ओठ हलवत. पाच सात तीन एक. बरोबर होतं सगळं. पण त्यांनी पिन घातला नाही. खात्याच्या नावाशेजारच्या खालच्या बाणावर बोट ठेवलं, दुसरी ओळ उघडली, ती निवडली, आणि मोबाइल प्रणवच्या डोळ्यांसमोर धरला.

"वाच," ते म्हणाले.

"दोन दोन शून्य आठ," प्रणव म्हणाला.

"हं. आजोबांच्या नावाचे पैसे तुझ्या खात्यातून जातायत. बघून निवडलंय मी. या वेळी चुकून नाही."

आणि त्यांनी पिन घातला.